झोप न मोडता झोपेचा प्रयोग

स्मरण आणि झोप यांचा संबंध तपासणारा मानसशास्त्राचा प्रकल्प अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना करता येतो आणि त्यासाठी कुणालाही जागे ठेवावे लागत नाही. माणूस रोज आपणहून झोपतो आणि आपणहून जागा होतो. रात्री नऊ वाजता पाठ केलेली यादी सकाळी नऊ वाजता विचारली तर मधल्या बारा तासांत एक अख्खी झोप येऊन जाते. तीच यादी सकाळी नऊला पाठ करून रात्री नऊला विचारली तर मधले बारा तास जागेपणाचे असतात. अंतर तेवढेच, यादी तेवढीच, फरक फक्त झोपेचा. जे आयुष्यात एरवीही घडणारच आहे त्याच्या दोन्ही बाजूंना मोजमाप ठेवायचे, हे या प्रकल्पाचे मूळ तत्त्व आहे. निरुपद्रवी प्रकल्पाची सुरुवात या निवडीपासून होते. संमतिपत्र हा त्यापुढचा टप्पा आहे.

शाळकरी मुलांनी झोपेवर केलेला सर्वांत प्रसिद्ध प्रकल्प नेमका याच्या उलट वाटेने गेला होता. १९६३ च्या डिसेंबरअखेरीस अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा मुलगा विज्ञान प्रदर्शनासाठी जागा राहू लागला. तो २६४ तास, म्हणजे ११ दिवस जागा राहिला. मित्र आळीपाळीने त्याच्यावर लक्ष ठेवून होते. झोपेचे अभ्यासक विल्यम डिमेंट यांना हे कळल्यावर तेही तेथे पोहोचले. शेवटच्या दिवसांत शंभरातून सात-सात वजा करत जाण्यास त्याला सांगितले, तेव्हा तो ६५ वर थांबला, कारण आपण काय करत होतो हेच तो विसरला होता. तेव्हा त्याला फारसा त्रास झाला नाही असे मानले गेले, पण अनेक दशकांनंतर आपल्याला तीव्र निद्रानाश जडल्याचे त्याने सांगितले. तो त्या प्रयोगामुळेच जडला की नाही, हे एका माणसावरून सिद्ध होत नाही. तरीही गिनीज बुकने जागरणाच्या विक्रमांची नोंद घेणे पुढे बंद केले, ते आरोग्याला असलेल्या धोक्यामुळेच.

त्या प्रकल्पातील जोखीम उघड आहे. त्यात आणखी एक उणीव होती, तिच्याकडे मात्र कमी लक्ष जाते. तेथे तुलना नव्हती. एकच मुलगा, एकच अवस्था, आणि तोच मुलगा पुरेशी झोप घेऊन त्याच कसोट्यांना कसा उतरला असता याची नोंद नाही. त्यामुळे धोका मोठा पत्करूनही स्मरणाबद्दल हाती लागले ते फार थोडे. नुसत्या एका रात्रीच्या जागरणाचा प्रयोगही विद्यार्थ्यांनी करू नये. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी, असे झोपेच्या वैद्यकशास्त्रातील तज्ज्ञ सांगतात, आणि क्लास, कॉलेज, प्रवास यांत अडकलेल्या मुलांना ती आधीच कमी मिळते. जागरण झालेला सहभागी दुसऱ्या दिवशी दुचाकी चालवतो, रस्ता ओलांडतो, प्रयोगशाळेत ॲसिड हाताळतो. प्रकल्प करणाऱ्याला यांतले काहीच आवरता येत नाही.

झोपेला हात न लावता ती तपासण्याची पद्धत शंभर वर्षे जुनी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोगांचे प्रयोगकर्तेही तेच आणि सहभागीही तेच. अर्थ नसलेले छोटे अक्षरगट ते पाठ करत, काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करत आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वाचले ते मोजत. पहिल्या तासाभरात विसरणे फार वेगाने होते आणि नंतर ते मंदावते, हे त्यांना आढळले. सुमारे नऊ तासांनंतर श्रमांची बचत ३५.८ टक्के होती आणि चोवीस तासांनंतर ३३.७ टक्के. मधल्या पंधरा तासांत जवळजवळ काहीच विसरले गेले नव्हते, आणि त्या पंधरा तासांत रात्र होती.

हा धागा १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेंकिन्स आणि कार्ल डॅलनबाख यांनी पकडला. त्यांनी दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायला दिल्या आणि एक, दोन, चार किंवा आठ तासांनी त्या विचारल्या. कधी मधला वेळ झोपेत जाई, कधी जागेपणी. आठ तास झोपल्यानंतर दहापैकी निम्म्याहून अधिक अक्षरगट आठवत होते, आठ तास जागे राहिल्यावर सरासरी एखादाच. पुढच्या काळात हाच प्रश्न कितीतरी अभ्यासांत तपासला गेला. झोपेच्या बाजूने फरक बहुतेकदा दिसला, पण तो या पहिल्या प्रयोगाइतका मोठा राहिला नाही. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात ठेवावी, म्हणजे आपल्या प्रकल्पात छोटा फरक आला तर काही चुकले असे वाटणार नाही आणि आकडे ओढूनताणून मोठे करण्याचा मोहही होणार नाही.

हा प्रयोग आजच्या कनिष्ठ महाविद्यालयात कसा बसवायचा, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. वसतिगृहात राहणारे बारा सहभागी आहेत असे समजू. वसतिगृह सोयीचे ठरते, कारण रात्री नऊ वाजता सगळे एका अभ्यासिकेत भेटू शकतात आणि त्यासाठी कुणाला घराबाहेर पडावे लागत नाही. घरी राहणाऱ्या मुलांबरोबर हेच काम तीन-चार जणांच्या फोनवरच्या बैठकीत करता येते, मात्र पालकांना वेळ आधी कळवलेली असावी.

सामग्री म्हणजे जोडशब्दांच्या दोन याद्या. प्रत्येक यादीत वीस जोड्या. जोडीतला पहिला शब्द सांगितला की दुसरा आठवायचा. शब्द रोजचे, दोन-तीन अक्षरी आणि डोळ्यांपुढे चित्र उभे करणारे असावेत, पण जोडीतल्या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नसावा. ‘छत्री–पाटी’, ‘माठ–कंदील’, ‘पतंग–कुलूप’ अशा जोड्या चालतील. ‘सुई–दोरा’ चालणार नाही, कारण सुई म्हटल्यावर दोरा न शिकताही सुचतो आणि ते स्मरण नसून अंदाज असतो. ‘माळ–टाळ’सारखे यमकही टाळावे. मृत्यू, अपघात, आजार, नापास होणे असे शब्द तर मुळीच नकोत. भावनेने भारलेले शब्द वेगळ्या प्रकारे लक्षात राहतात, त्यामुळे मोजमाप बिघडते. शिवाय कुणाच्या घरी काय घडले आहे हे प्रयोगकर्त्याला ठाऊक नसते. वर्गात उर्दू, हिंदी किंवा कोकणी घरात बोलणारी मुले असतील तर ‘अडकित्ता’, ‘परात’ अशा शब्दांऐवजी सर्वांना सारखे ओळखीचे असलेले शब्द घ्यावेत.

यादी किती अवघड असावी, हे ठरवण्यासाठी प्रकल्पात नसलेल्या तीन-चार मुलांवर ती आधी वापरून पाहावी लागते. हा टप्पा सर्रास गाळला जातो आणि अनेक प्रकल्प तिथेच फसतात. वीसपैकी वीस जोड्या सगळ्यांनाच आठवत असतील तर यादी इतकी सोपी आहे की झोपेचा फायदा दिसायला वरती जागाच उरलेली नाही. चार-पाचच आठवत असतील तर विसरायलाही फारसे काही नाही. शिकल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत बारा ते सोळा जोड्या आठवाव्यात, अशी यादी साधारण योग्य. एक जोडी पाच सेकंद दाखवायची, सगळी यादी झाल्यावर तीच क्रम बदलून पुन्हा दाखवायची; दोन्ही फेऱ्या मिळून साडेतीन मिनिटांत आटोपतात. मग पाच मिनिटे साध्या गप्पा किंवा सोपी बेरीज-वजाबाकी, म्हणजे शेवटच्या जोड्या ओठांवरच रेंगाळत राहणार नाहीत. त्यानंतर पहिली चाचणी. उत्तरे बरोबर की चूक हे या वेळी सांगायचे नाही.

दुसरी चाचणी बारा तासांनी. पहिल्या चाचणीत जेवढ्या जोड्या आठवल्या होत्या त्यांच्या तुलनेत किती टिकल्या, हे मोजायचे. एखाद्या मुलीला रात्री चौदा जोड्या आठवल्या आणि सकाळी तेरा, तर तिचे टिकलेले स्मरण सुमारे ९३ टक्के. दिवसाच्या खेपेस तिलाच सकाळी पंधरा आणि रात्री बारा जोड्या आठवल्या, तर ते ८० टक्के. नुसते शेवटचे गुण घेतले तर तेरा आणि बारा असा किरकोळ फरक दिसला असता. सुरुवातीची चाचणी नसेल तर शिकणेच कमी झाले की शिकलेले विसरले गेले, हे वेगळे काढता येत नाही.

प्रत्येक सहभागी दोन्ही खेपा करतो, एक रात्रीची आणि एक दिवसाची, मध्ये आठवडा सोडून. त्यामुळे तल्लख मुलगा एका गटात आणि पाठांतराचा कंटाळा असलेला दुसऱ्या गटात, असा अन्याय होत नाही. पण सगळ्यांनी आधी रात्रीची खेप केली तर दुसऱ्या खेपेस सराव झालेला असतो आणि सरावाचा फायदा दिवसाच्या खात्यात जमा होतो. म्हणून अर्ध्यांनी आधी रात्र आणि अर्ध्यांनी आधी दिवस घ्यायचा. याद्यांचेही तसेच, कारण कितीही जपले तरी एक यादी दुसरीपेक्षा थोडी सोपी निघते. क्रम दोन आणि याद्या दोन, असे चार प्रकार होतात. बारा जणांच्या चिठ्ठ्या काढून प्रत्येक प्रकारात तिघांना टाकले की काम झाले.

वेळापत्रकासाठी शनिवार-रविवार ठीक वाटतात, कारण कॉलेजचे तास आड येत नाहीत. रात्रीची खेप शनिवारी नऊला सुरू होऊन रविवारी सकाळी नऊला संपते आणि दिवसाची खेप रविवारी सकाळी नऊ ते रात्री नऊ. मात्र आपल्याकडे रविवारच्या जेवणानंतर डुलकी ठरलेली असते. दिवसाच्या खेपेत कुणी दुपारी तासभर झोपले तर जागेपणाचे बारा तास उरत नाहीत. ‘दुपारी झोपू नका’ असे सांगण्याचा मोह येथे होतो आणि तो आवरायला हवा, कारण ते लहान प्रमाणात का होईना पण झोप काढून घेणेच आहे. योग्य मार्ग असा की, झोपलात तर तेवढे लिहून ठेवा असे सांगायचे, आणि डुलकी घेतलेल्याची नोंद मुख्य तुलनेत धरायची नाही हा नियम आकडे पाहण्याआधीच वहीत लिहून ठेवायचा. नियम आधी लिहिलेला नसेल तर नको असलेला आकडा वगळण्यासाठी डुलकी ही सोयीची सबब होते. याच कारणासाठी ‘पाटी’ऐवजी कुणी ‘पाट्या’ लिहिले तर ते बरोबर धरायचे की चूक, हेही आधीच ठरवावे.

सहभागींनी झोपेची छोटी नोंद ठेवावी: अंथरुणावर कधी पडलो, साधारण कधी झोप लागली, कधी उठलो, मध्ये जाग आली का. एवढे पुरे. मोबाइलमधली झोप मोजणारी ॲप्स किंवा रात्रभर चालू ठेवलेला मायक्रोफोन वापरू नये. त्यांचे आकडे पुरेसे भरवशाचे नसतात, आणि वसतिगृहाच्या खोलीत मायक्रोफोन ठेवला की ज्याने संमती दिलेली नाही अशा शेजारच्या मुलाचे बोलणे आणि घोरणेही त्यात येते. सकाळची चाचणी उठल्या उठल्या घेऊ नये. जाग आल्यावर काही काळ डोके जड असते आणि तेव्हाची चाचणी झोपेचे नव्हे तर त्या जडपणाचे मोजमाप ठरते. उठल्यावर किमान तासभर गेलेला असावा.

संमतीचा प्रश्न वसतिगृहात अधिक नाजूक होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे संशोधकांसाठी आहेत, शाळेच्या प्रकल्पासाठी ती बंधनकारक म्हणून लिहिलेली नाहीत, पण त्यांतला नियम जसाच्या तसा घेण्याजोगा आहे: सहभागी १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही हवा. पालकांनी हो म्हटले आणि मुलगी नको म्हणाली तर तिचे ‘नको’ अंतिम. वसतिगृहात अडचण अशी की रेक्टर किंवा शिक्षकांनी सगळ्यांसमोर ‘कोण कोण भाग घेणार?’ असे विचारले तर नाही म्हणणे अवघड होते. त्यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येकाला चिठ्ठी द्यायची, हो किंवा नाही लिहून घडी घालून पेटीत टाकायला सांगायचे, आणि नाही म्हणणाऱ्यांची यादी कुणालाच दाखवायची नाही. सहभागाबद्दल गुण, सवलत किंवा बक्षीस ठेवायचे नाही. कुणी मध्येच थांबला तर कारण विचारायचे नाही.

माहितीपत्रकात काय लिहायचे आणि काय राखून ठेवायचे, हा खरा विचार करण्याचा मुद्दा आहे. दोन बैठका आहेत, दोन्हींत शब्द आठवायचे आहेत, मधल्या बारा तासांत काहीही वेगळे करायचे नाही, हे सगळे सांगितलेच पाहिजे. दुसऱ्या चाचणीची बातमी लपवून मुलांना अचानक गाठणे अनेकांना युक्तीचे वाटते, कारण मग कुणी मधल्या वेळेत यादी घोकत नाही. पण फसवणुकीशिवायही हे जमते. यादी कुणाच्या हातात द्यायची नाही, ‘मधे उजळणी करू नका’ अशी विनंती करायची आणि शेवटी ‘केली होती का?’ हे मोकळेपणाने विचारायचे, खरे सांगितल्याने काही बिघडणार नाही असे सांगून. राखून ठेवायची ती फक्त अपेक्षा: झोपेनंतर अधिक आठवेल असे आपल्याला वाटते, हे दोन्ही खेपा संपल्यावर सांगायचे. खोटे बोलणे आणि अंदाज काही दिवस स्वतःपाशी ठेवणे यांत फरक आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाही ती रात्रीच्या खेपेची आहे की दिवसाच्या, हे कळू नये. कागदावर नावाऐवजी क्रमांक असावा आणि नाव-क्रमांकांची जोडणी वेगळ्या वहीत मार्गदर्शक शिक्षकांकडे कुलपात असावी.

झोपेची नोंद मागितली की कधीकधी मुले अधिक काही सांगतात. कुणी लिहितो की कित्येक आठवड्यांत नीट झोप नाही, कुणी भीतिदायक स्वप्नांबद्दल लिहिते. प्रकल्प करणारा विद्यार्थी अशा वेळी सल्लागार होऊ शकत नाही आणि त्याने होऊही नये. अशी नोंद दिसली तर कुणाला सांगायचे, ते शिक्षक किंवा समुपदेशक आधीच ठरलेले असावेत आणि माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख असावा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही तेथे द्यावा. नैराश्य किंवा चिंता मोजणाऱ्या प्रश्नावल्या अशा प्रकल्पात न घेण्याचे कारणही हेच आहे: गंभीर उत्तर आले तर त्याचे काय करायचे, हे विद्यार्थ्याच्या हातात नसते.

आता आकडे. बाराजणांपैकी एकाने रविवारी दुपारी झोप काढली असे समजू. आधी लिहिलेल्या नियमाप्रमाणे तो मुख्य तुलनेतून बाजूला राहिला. उरलेल्या अकराजणांत नऊजणांचे टिकलेले स्मरण रात्रीच्या खेपेत जास्त होते आणि दोघांचे दिवसाच्या. नऊ विरुद्ध दोन हे प्रभावी दिसते, पण ते नशिबाने घडले नसेल कशावरून? झोपेचा काहीच परिणाम नसता तर प्रत्येक सहभागी म्हणजे उडवलेले नाणे: छापा पडला तर रात्र, काटा पडला तर दिवस. अकरा नाणी उडवली तर निकालांच्या २,०४८ शक्यता होतात. त्यांत अकराही छापे पडण्याचा प्रकार एक, दहा छापे पडण्याचे अकरा आणि नऊ छापे पडण्याचे पंचावन्न. एकूण सदुसष्ट, म्हणजे सुमारे ३.३ टक्के. तितकाच एकतर्फी निकाल दिवसाच्या बाजूनेही लागू शकला असता, तोही धरला तर सुमारे ६.५ टक्के. मानसशास्त्रात पाच टक्क्यांची रेषा रूढ आहे आणि हा निकाल तिच्या किंचित अलीकडे राहतो.

अहवालात नेमके असेच लिहावे: कल रात्रीच्या बाजूने दिसला, पण बारा सहभागींच्या बळावर तो पक्का म्हणता येत नाही. ३.३ टक्के की ६.५ टक्के, यांतला सोयीचा आकडा निकाल पाहून निवडणे ही अप्रामाणिक गोष्ट आहे. दोन्ही बाजू तपासायच्या हे आधी ठरले असेल तर मोठाच आकडा द्यावा लागतो. आणखी सहभागी हवे होते असे वाटले, तर पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच पद्धत, त्याच याद्या घेऊन वेगळा प्रकल्प करावा. रेषा ओलांडेपर्यंत एक-एक सहभागी वाढवत जाणे म्हणजे हवा तो निकाल येईपर्यंत नाणी उडवत राहणे.

समजा फरक ठळक निघाला, तरी त्याचा अर्थ काय, हा प्रश्न उरतोच. जेंकिन्स आणि डॅलनबाख यांचे म्हणणे असे होते की जागेपणी नवनवे बोलणे, वाचणे, पाहणे चालू असते आणि ते जुन्या शिकलेल्यावर कुरघोडी करते; झोपेत ही गर्दी थांबते, म्हणून कमी विसरले जाते. झोप येथे फक्त आडोसा आहे. नंतरच्या संशोधनाने दुसरी बाजू पुढे आणली. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात असे पाहिले की जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र सक्रिय झाल्या होत्या त्या नंतरच्या गाढ झोपेतही पुन्हा एकत्र सक्रिय होत होत्या. म्हणजे झोपेत मेंदू शिकलेल्यावर काहीतरी काम करत असावा. जोडशब्दांचा प्रकल्प या दोन स्पष्टीकरणांत निवाडा करू शकत नाही, कारण झोपलेला माणूस एकाच वेळी गर्दीपासून दूरही असतो आणि त्याच्या मेंदूत ते कामही चालू असते. तिसरी शंका वेळेची: सकाळी नऊला आठवणेच सोपे असेल तर? त्याचे अर्धे उत्तर पहिल्या चाचण्यांत मिळते. शिकल्यावर लगेच घेतलेले सकाळचे आणि रात्रीचे गुण जवळपास सारखे असतील, तर दिवसाच्या वेळेला फार दोष देता येत नाही.

याच चौकटीत दुसरे काही विषयही बसतात. एबिंगहाउस यांची श्रमबचतीची पद्धत घेऊन, अपरिचित भाषेतले सोळा शब्द पूर्ण पाठ होईपर्यंत किती फेऱ्या लागल्या आणि बारा तासांनी पुन्हा पूर्ण पाठ व्हायला किती लागल्या, हे रात्रीसाठी आणि दिवसासाठी मोजता येते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी तमिळ किंवा बंगाली शब्द सहज मिळतील, मात्र सहभागींपैकी कुणाच्या घरी ती भाषा नसावी. झोपेचे तास आणि परीक्षेचे गुण यांची तुलना हा विषय मात्र लोकप्रिय असूनही टाळलेला बरा. गुण ही मुलांची खाजगी बाब आहे, आणि कमी झोपणाऱ्याला गुण कमी पडले तर कारण झोप, घरची परिस्थिती की लांबचा प्रवास, हे त्या आकड्यांतून कधीच कळत नाही. कॉफी, चहा किंवा झोपेच्या गोळ्या यांचे प्रयोग तर पूर्ण वर्ज्य.

एका बैठकीत संपणारा आणि झोपेला केवळ शब्दांतून स्पर्श करणारा विषय म्हणजे खोटी आठवण. जेम्स डीझ यांनी १९५९ मध्ये वापरलेली आणि हेन्री रोडिगर व कॅथलीन मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये पुढे नेलेली ही पद्धत आहे. उशी, पांघरूण, पलंग, रात्र, जांभई, स्वप्न, अंधार, थकवा, गादी, पेंग, डुलकी, घोरणे अशी यादी सावकाश वाचून दाखवायची. काही मिनिटांनी आठवतील ते शब्द लिहायला सांगितले की यादीत मुळीच नसलेला ‘झोप’ हा शब्द काहीजण खात्रीने लिहितात. मराठीत यादी करताना अडचण येते ती ‘निद्रा’, ‘नीज’ यांची. हे शब्द यादीत ठेवले तर ‘झोप’ लिहिणाऱ्याने भर घातली की समानार्थी शब्द बदलून लिहिला, हे ठरवता येत नाही, म्हणून ते वगळावेत. शिवाय ‘झोप’ हा शब्द यादी न ऐकताही कुणी लिहू शकतो. तेव्हा बाजाराच्या किंवा पावसाच्या शब्दांची दुसरी यादी दुसऱ्या गटाला द्यावी आणि तेथे ‘झोप’ किती जण लिहितात ते पाहावे. या प्रयोगात एक छोटा सापळा आहे, त्यामुळे त्याच बैठकीत, कुणी खोलीबाहेर जाण्याआधी, यादी सर्वांसमोर ठेवायची आणि चुकलेले बहुतेकांसारखेच चुकले आहेत हे दाखवायचे. कुणाच्या कागदावर ‘झोप’ होते, ते मात्र नाव घेऊन सांगायचे नाही.